मराठीत मुरलेले इंग्रजी शब्द आणि इंग्रजी उताऱ्याचे वाचन

इंग्रजी उतारा वाचताना अडखळण्याचे कारण विचारले, तर बहुतेक विद्यार्थी आणि बरेचसे शिक्षकही अनोळखी शब्दांकडे बोट दाखवतात आणि शब्दसंग्रह वाढवणे हाच त्यावरचा उपाय मानतात. मराठी वाचकाच्या बाबतीत हे निदान अपुरे आहे. मराठी माणूस इंग्रजीचा पहिला धडा वाचण्याच्या कितीतरी आधीपासून शेकडो इंग्रजी शब्द रोज बोलत असतो, आणि उताऱ्यात भेटणारे हे ओळखीचे शब्द त्याला जितका हात देतात तितकाच कधी कधी चकवाही देतात. अनोळखी शब्दापाशी वाचक थांबतो, मागेपुढे पाहतो, शब्दकोश उघडतो किंवा निदान प्रश्नचिन्ह करून पुढे जातो. ओळखीच्या शब्दापाशी तो थांबतच नाही, आणि म्हणून तेथे झालेली चूक त्याच्या लक्षातही येत नाही. या लेखात आढावा घ्यायचा आहे तो या न थांबण्याचा.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील घोडेगाव हे नगर ते छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचे, जनावरांच्या आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव. अशा गावातील रोजची भाषा ऐकली तर तिच्यात इंग्रजी शब्दांचे वेगवेगळ्या काळात साचलेले थर दिसतात. मार्केट यार्ड, एक्स्पोर्टचा माल, ग्रेडिंग, पिकअप हे बाजाराचे शब्द झाले. सोसायटी, डेअरी, शेअर, चेअरमन हे सहकाराबरोबर आलेले शब्द झाले. स्टँड, डेपो, कंडक्टर, हाफ तिकीट हे एसटीने आणले, आणि ती एसटी, म्हणजे राज्य परिवहनाची पहिली गाडी, १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली होती. मोटर, स्टार्टर, फ्यूज, करंट हे विहिरीवर वीज पोहोचली तेव्हाचे, तर रिचार्ज, बॅलन्स, नेटवर्क हे मोबाईल आल्यानंतरचे. प्रत्येक थरातील शब्द एखाद्या वस्तूबरोबर, संस्थेबरोबर किंवा व्यवहाराबरोबर गावात आला आणि त्या वस्तूला किंवा व्यवहाराला चिकटून राहिला. इंग्रजीत त्याच शब्दाला आणखी पाचसहा अर्थ असतात, पण ते त्या वस्तूबरोबर आले नाहीत. शब्द उसना घेतला जातो तेव्हा त्याचा सगळा संसार बरोबर येत नाही, बहुधा एकच अर्थ येतो. मराठी वाचकाला होणारा लाभ आणि बसणारा फटका या दोन्हींचे मूळ येथे आहे.

या प्रश्नाचा अभ्यास इतर भाषांच्या संदर्भात पुष्कळ झालेला आहे. दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे असणाऱ्या दोन भाषांतील शब्दांना ‘खोटे मित्र’ म्हणण्याचा प्रघात कोसलेर आणि देरोकिन्यी या फ्रेंच लेखकांच्या १९२८ सालच्या पुस्तकापासून रूढ झाला. इंग्रजीशी रक्ताचे नाते नसलेल्या, पण इंग्रजी शब्द भरभरून घेतलेल्या जपानी भाषेचे उदाहरण मराठीला अधिक जवळचे आहे. तेथील उसन्या शब्दांचा अभ्यास करणाऱ्या फ्रँक डॉल्टन यांना असे आढळले, की इंग्रजीतील सर्वाधिक वापराच्या तीन हजार शब्दकुलांपैकी जवळजवळ निम्म्यांचा एखादा तरी प्रतिनिधी जपानीच्या रोजच्या वापरात आहे, आणि म्हणून उसन्या शब्दांकडे शिकणाऱ्याच्या घरातच पडून असलेली पुंजी म्हणून पाहिले पाहिजे. दुसऱ्या बाजूला इस्राएलमधील बात्या लाउफर यांनी १९८० च्या दशकात ‘फसवी पारदर्शकता’ ही कल्पना मांडली. शब्द वाचकाला आरपार दिसतो असे वाटते, पण पलीकडे दिसणारा अर्थ भलताच असतो, आणि वाचकाला आपण चुकलो आहोत याची जाणीव नसते, हा तिचा गाभा. हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासाप्रमाणे कोणाच्या मदतीवाचून कथात्मक मजकूर नीट समजण्यासाठी त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, म्हणजे पन्नास शब्दांमागे एकाहून अधिक अनोळखी शब्द चालत नाही. अडीचशे शब्दांच्या उताऱ्यात ही सवलत फक्त पाच शब्दांची झाली. अशा उताऱ्यातील आठदहा शब्द वाचकाने ओळखीचे म्हणून मोजले आणि त्यांचे अर्थ मात्र चुकीचे धरले, तर त्याच्या स्वतःच्या हिशेबात तो काठावर सुरक्षित असतो आणि प्रत्यक्षात उतारा त्याच्या हातून सुटलेला असतो.

मदतीची बाजू आधी पाहू, कारण ती खरी आहे आणि शाळेत तिचा पुरेसा उपयोग होत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले, तरी घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलाचा पहिला इंग्रजी शब्दसंग्रह पाठ्यपुस्तकातून नव्हे, तर घरातून, शेतातून आणि रस्त्यावरून आलेला असतो. ट्रॅक्टर, स्प्रिंकलर, हायब्रीड, व्हायरस, ऑक्सिजन, इंजेक्शन असे शब्द उताऱ्यात आले की त्यांचा अर्थ सहसा तोच राहतो. त्याचे कारण असे, की विशिष्ट वस्तूची किंवा तंत्राची नावे मुळातच एकार्थी असतात आणि त्यांना मागे सोडण्यासारखे दुसरे अर्थ फारसे नसतात. त्याहून महत्त्वाची मदत शब्दांच्या तुकड्यांची होते. ज्याला मार्केट यार्ड माहीत आहे त्याला शिपयार्ड किंवा कोर्टयार्ड या शब्दांतील आवाराची कल्पना चटकन येते, आणि ज्याला हाफ तिकीट व हाफ पँट माहीत आहे त्याला ‘हाफ’ जोडलेल्या कोणत्याही शब्दात अर्धेपणा दिसतो. कंडक्टर या शब्दाचा तर एक सुंदर योग आहे. विज्ञानाच्या उताऱ्यात तांबे हा विजेचा चांगला कंडक्टर आहे असे वाक्य आले की वाचकाच्या डोळ्यांसमोर खाकी गणवेशातील माणूस उभा राहतो, पण एसटीच्या मराठीत त्या माणसाला ‘वाहक’ म्हणतात आणि मराठी विज्ञानाच्या पुस्तकात वीज वाहून नेणाऱ्या धातूलाही ‘वाहक’च म्हणतात, त्यामुळे मराठी प्रतिशब्दाच्या पुलावरून दोन्ही अर्थांपर्यंत जाता येते.

आता फसवणुकीची बाजू. ती समजण्यासाठी सुटे शब्द पाहण्यापेक्षा एक सलग उतारा तपासणे बरे, कारण चूक शब्दात जन्म घेते आणि वाक्यात वाढते. नगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांच्या पाणलोट कामांवर इंग्रजीत विपुल लिहिले गेले आहे आणि या विषयावरचे लेखन विद्यार्थ्याच्या समोर उतारा म्हणून येणे अगदी स्वाभाविक आहे. त्या धर्तीवर नमुन्यादाखल रचलेला एक छोटा उतारा, देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहून, असा: ‘द व्हिलेज लाइज इन अ ड्राय वॉटरशेड. बिफोर द चेक डॅम्स वेअर बिल्ट, मोस्ट ऑफ द रनऑफ वॉज लॉस्ट. अ पर्कोलेशन टँक नाऊ रिचार्जेस द वेल्स, अँड द वॉटर टेबल हॅज रिझन. टेन्शन्स रिमेन इन व्हिलेज सोसायटी, हाउएव्हर: द वॉटर इज शेअर्ड, बट द इंटरेस्ट्स ऑफ द अपर अँड लोअर फील्ड्स आर नॉट.’

या चार वाक्यांत पर्कोलेशन हा एक शब्द सोडला, तर घोडेगावच्या मुलाला अगदी परका वाटेल असा शब्द जवळजवळ नाही. शेड, चेक, रन, टँक, रिचार्ज, टेबल, टेन्शन, सोसायटी, शेअर, इंटरेस्ट हे सगळे त्याच्या तोंडातले आहेत, आणि यांतील रिचार्ज वगळता प्रत्येक शब्द त्याला कमीअधिक प्रमाणात चुकीच्या दिशेला नेऊ शकतो.

वॉटरशेडमधील शेड म्हणजे गाईगुरांचे पत्र्याचे शेड नव्हे. छपराचा शेड हा वेगळा शब्द आहे, आणि वॉटरशेडमधील शेड विभागणे या अर्थाच्या जुन्या क्रियापदाचा वंशज आहे. दोन खोऱ्यांचे पाणी जेथे विभागले जाते ती उंचवट्याची रेघ, म्हणजे जलविभाजक, हा या शब्दाचा मूळ अर्थ; अमेरिकेत आणि पुढे भारतीय लेखनात त्या रेघेच्या आतील संपूर्ण क्षेत्राला, म्हणजे मराठीतील पाणलोट क्षेत्राला, तोच शब्द लावला गेला. ‘गाव कोरड्या पाण्याच्या शेडमध्ये आहे’ असे काहीतरी मनात धरलेला वाचक पहिल्याच वाक्यात उताऱ्याच्या भूगोलाबाहेर पडतो. चेक डॅममधील चेक बँकेतला नाही आणि तपासण्याचाही नाही, तर रोखण्याचा आहे, आणि ‘चेक करणे’ म्हणजे तपासणे एवढेच ज्याला ठाऊक आहे तो तपासणीचे धरण अशी निरर्थक वस्तू कल्पून पुढे जातो. रनऑफमधील रन क्रिकेटची धाव नसून वाहणे आहे, आणि रनऑफ म्हणजे जमिनीवरून वाहून जाणारे पावसाचे पाणी. टँक म्हटले की गच्चीवरची काळी टाकी दिसते, परंतु भारतीय इंग्रजीत तलावालाही टँक म्हणण्याची जुनी वहिवाट आहे आणि पर्कोलेशन टँक म्हणजे मराठीतला पाझर तलाव. वॉटर टेबल ही तर फसव्या पारदर्शकतेची आदर्श जागा आहे, कारण वॉटर आणि टेबल हे दोन्ही शब्द अगदी लहान मुलालाही येतात आणि त्यांची बेरीज करून भूजलाची पातळी हा अर्थ कोणालाही काढता येत नाही. रिचार्ज मात्र येथे सच्चा मित्र ठरतो. रिकामा होत आलेला साठा पुन्हा भरणे ही मोबाईलच्या रिचार्जमधील मध्यवर्ती कल्पना विहिरींच्या पुनर्भरणातही तशीच आहे, त्यामुळे ज्याने हा शब्द फक्त मोबाईलच्या दुकानात ऐकला तोही वाक्य बरोबर लावू शकतो. उसना शब्द गाभ्याची कल्पना घेऊन आला असेल तर तो नव्या विषयातही उपयोगी पडतो, केवळ वस्तूचे नाव होऊन आला असेल तर पडत नाही, हा फरक येथे स्पष्ट दिसतो.

शेवटचे वाक्य सर्वांत धोक्याचे आहे, कारण तेथील चुकीचा अर्थ निरर्थक नसून पूर्णपणे पटण्यासारखा आहे. नगर जिल्ह्याच्या खेड्यात सोसायटी म्हणजे गावची विकास सोसायटी, पीककर्ज देणारी सहकारी संस्था. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यापासून सुरू झालेल्या परंपरेचे हे गावपातळीवरचे रूप आहे. टेन्शन म्हणजे काळजी. शेअर म्हणजे साखर कारखान्याचा किंवा सोसायटीचा भाग, आणि इंटरेस्ट म्हणजे बँकेच्या बोलण्यातून आलेले व्याज. हे चारही अर्थ एकत्र ठेवले की ‘सोसायटीमुळे गावाला टेन्शन आहे, शेअर घेतले आहेत पण शेतांवरचे व्याज भरलेले नाही’ असे एक सुसंगत, ओळखीचे आणि संपूर्णपणे चुकीचे वाक्य तयार होते. मूळ वाक्य म्हणते, की गावातील समाजात ताणतणाव शिल्लक आहेत, पाणी वाटून घेतले जाते, पण वरच्या आणि खालच्या शेतांचे हितसंबंध एक नाहीत. उताऱ्यावर ‘गावकऱ्यांमध्ये मतभेद कशामुळे आहेत’ असा प्रश्न आला तर हा वाचक कर्जाविषयी उत्तर लिहील. त्याच्या उत्तरात तर्काचा दोष नसेल, दोष एका वाक्यात जमलेल्या चार खोट्या मित्रांचा असेल. एक चुकीचा अर्थ सहसा वाक्यात खटकतो, परंतु एकाच व्यवहारातील अनेक चुकीचे अर्थ एकमेकांना आधार देतात, आणि म्हणून ज्या वाक्यात ओळखीचे शब्द दाटीने आले आहेत तेच वाक्य सर्वांत सावधपणे वाचायला हवे.

चुकीचा संशय यावा अशा खुणा वाक्यातच असतात आणि त्या बहुतेक व्याकरणाच्या असतात. मराठीत टेन्शनचे अनेकवचन होत नाही, पण उताऱ्यात शब्दाच्या शेवटी अनेकवचनाचा एस आहे. काळजी या अर्थाने बोलणारा तो लावणार नाही. दोन पक्षांमधील ताण या अर्थानेच तो लागतो. इंटरेस्टचेही तसेच: व्याज हा अर्थ एकवचनात वावरतो, आणि अनेकवचनी इंटरेस्ट्स बहुतेक वेळा हितसंबंध असतात. ‘व्हिलेज सोसायटी’च्या आधी ‘द’ नाही. एखादी विशिष्ट संस्था असती तर ‘द व्हिलेज सोसायटी’ असे लिहावे लागले असते, आणि हे उपपद नसल्यामुळेच येथे समाज हा व्यापक अर्थ घ्यावा लागतो. मराठीत अशी उपपदे नसल्याने मराठी वाचकाची नजर त्यांच्यावरून घसरते, म्हणून त्याने ती मुद्दाम पाहण्याची सवय लावून घेणे भाग आहे.

या खुणांमागे मराठीची स्वतःची एक रीत आहे आणि तिच्याकडे इंग्रजीच्या अध्यापनात फारसे लक्ष जात नाही. मराठी इंग्रजी शब्द घेते तो प्रायः नाम म्हणून, आणि क्रियापद हवे असेल तर त्याला करणे किंवा होणे जोडते: बुक करणे, चार्ज करणे, फेल होणे. त्यामुळे मराठी वाचकाच्या डोक्यात या शब्दाची नोंद नाम म्हणून झालेली असते, तर इंग्रजीत तोच शब्द रूप न बदलता क्रियापद किंवा विशेषण होतो. अ‍ॅड्रेस म्हणजे पत्ता हे पक्के असलेल्या वाचकाला एखाद्या मंत्र्याने प्रश्नाला अ‍ॅड्रेस केले हे वाक्य समजत नाही, कारण तेथे तो शब्द एखाद्या प्रश्नाची दखल घेऊन त्याला हात घालणे या अर्थाचे क्रियापद आहे. नोटीस म्हणजे वकिलाचे किंवा तलाठ्याचे कागद हे माहीत असणारा, कोणी एखादी गोष्ट ‘नोटिस्ड’ असे वाचून, नोटीस बजावल्याचे समजतो. करंट हा शब्द नामाच्या आधी आला की तो विजेचा नसून ‘चालू’ या अर्थाचे विशेषण असतो, आणि नदीच्या वर्णनात आला की प्रवाह. चार्जच्या मागोमाग विथ आले की मोबाईल किंवा कार्यभार दोन्ही बाजूला पडतात आणि आरोप पुढे येतो. प्लॉटच्या मागे अगेन्स्ट आले की जमिनीचा तुकडा नाहीसा होऊन कारस्थान उरते. म्हणजे शब्दाला ओळखण्याआधी तो वाक्यात कोणत्या जागी बसला आहे आणि त्याच्या शेजारी कोण आहे हे पाहावे लागते.

घोडेगावच्या संदर्भात एक शब्द वेगळा नोंदवण्याजोगा आहे. कांद्याचे भाव वाढले की इंग्रजी वृत्तपत्रांत ‘होर्डिंग’ हा शब्द येतोच. मराठीत होर्डिंग म्हणजे रस्त्याकडेला लावलेला जाहिरातीचा मोठा फलक, आणि फलकाचा हा अर्थ ब्रिटिश इंग्रजीतही खरा आहे. परंतु कांद्याच्या बातमीतील होर्डिंग म्हणजे साठेबाजी. हे एकाच शब्दाचे दोन अर्थ नसून, लिहिण्याबोलण्यात योगायोगाने एक झालेले, वेगवेगळ्या मुळांचे दोन शब्द आहेत, आणि म्हणून एकावरून दुसऱ्याकडे जाण्याचा कोणताही तर्काचा मार्ग नाही. तो पाठच करावा लागतो. याच बाजारातील लिलाव हा शब्द उलट दिशेने गमतीचा आहे. तो युरोपीय आहे पण इंग्रजी नाही, पोर्तुगीजांकडून आलेला आहे, त्यामुळे बाजाराविषयीच्या इंग्रजी उताऱ्यात त्याच्या जवळपासचे काही सापडेल अशी अपेक्षा व्यर्थ ठरते. पगार आणि चावीही त्याच वाटेने आले.

कानाने आलेल्या शब्दांची एक अडचण डोळ्यांना भोगावी लागते. मराठी बोलणारा सेल हा एकच शब्द बॅटरीसाठी आणि दुकानातील सवलतीच्या विक्रीसाठी वापरतो, आणि विकणे व पेशी यांचे इंग्रजी उच्चारही देवनागरीत तसेच लिहिले जातात. इंग्रजी लेखनात मात्र यांतील काहींची अक्षरे वेगळी असतात आणि तीच अर्थ ठरवतात. स्टेशनरी हा शब्द शेवटाकडे ई अक्षराने लिहिला तर वह्यापुस्तकांचे सामान होतो आणि ए अक्षराने लिहिला तर स्थिर, न हलणारा असा अर्थ होतो. मोटारींच्या वेगावरील उताऱ्यात दुसराच येतो. याच्या उलट रिसीट हा शब्द रोज बोलणारा विद्यार्थी छापलेल्या शब्दातील मुका पी पाहून त्याला ओळखत नाही आणि माहीत असलेला शब्द अनोळखी म्हणून सोडून देतो. पहिल्या प्रकारात पुंजी खोटी निघते, दुसऱ्यात खरी पुंजी वापराविना राहते, आणि दुसरा प्रकार मोठ्याने वाचून दाखवण्याने बऱ्याच अंशी सुटतो.

भारतात घडलेले किंवा भारतातच टिकलेले इंग्रजी शब्द या संदर्भात नेहमी उगाळले जातात, पण वाचनापुरता त्यांचा धोका कमी आहे. जादा चाकाला स्टेपनी म्हणण्याची पद्धत वेल्समधील एका चाक बनवणाऱ्या कंपनीच्या नावावरून आली आणि भारतात टिकली. इंग्लंड-अमेरिकेतील आजच्या मजकुरात तो शब्द सहसा येणारच नाही, म्हणून तो वाचकाला फसवणारही नाही. तो इंग्रजी लिहिणाऱ्याला अडचणीत आणतो. मेस आणि हॉटेल यांचे तसे नाही, कारण ते दोन्हीकडे जिवंत आहेत. मेस मराठीत खाणावळ आहे आणि इंग्रजीत लष्करी भोजनगृहाबरोबरच पसारा, घोळ या अर्थाने फार अधिक वेळा येतो. हॉटेल मराठीत चहाची टपरीसुद्धा असू शकते, इंग्रजीत मुक्कामाची जागा असते.

यातून अध्यापनासाठी जी पद्धत निघते ती प्रचलित पद्धतीच्या उलटी आहे. उतारा दिल्यावर विद्यार्थ्यांना अनोळखी शब्दांखाली रेघ मारायला सांगितले जाते. त्याऐवजी मराठीत रोज वापरले जाणारे शब्द आधी अधोरेखित करून घ्यावेत, प्रत्येकाशेजारी मनात आलेला मराठी अर्थ लिहून घ्यावा आणि मग तो अर्थ वाक्यात घालून वाक्य पुन्हा वाचावे. वरच्या उताऱ्यावर हे केले तर टेबल, चेक आणि शेड लगेच उघडे पडतात, कारण त्यांचे वाक्य निरर्थक होते. सोसायटी, टेन्शन्स आणि इंटरेस्ट्स या पहिल्या चाळणीतून सुटतात, आणि त्यांच्यासाठी वचन, उपपद आणि शेजारचा शब्द पाहण्याची दुसरी चाळणी लागते. शब्दकोश उघडायचा तोही ओळखीच्या शब्दासाठी, आणि नोंदीतील पहिला अर्थ वाचून मिटायचा नाही, कारण हवा असलेला अर्थ पुष्कळदा चौथा किंवा पाचवा असतो.

या दोन्ही चाळण्यांनाही मर्यादा आहे. टँकचे नाम, वचन, उपपद सगळे टाकीलाही चालणारे आहे आणि टाकीने विहिरी भरल्या हे वाक्य विचित्र असले तरी अशक्य नाही. वॉटरशेड आणि वॉटर टेबल यांच्या रूपातही खरा अर्थ सांगणारी कोणतीही खूण नाही. अशा ठिकाणी उपयोगी पडते ते विषयाचे ज्ञान, आणि ते ज्ञान मराठी शब्दांत असले तरी चालते, किंबहुना तसेच असावे. पाझर तलाव उन्हाळ्यात आटत गेला तरी खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी का राहते हे ज्या मुलाने घरी ऐकलेले आहे, त्याला पर्कोलेशन टँक हे पाझर तलावाचे आणि वॉटर टेबल हे भूजल पातळीचे इंग्रजी नाव आहे एवढे एकदा सांगितले की उताऱ्यातील तिसरे वाक्य त्याला शहरातील इंग्रजी माध्यमाच्या मुलापेक्षा अधिक नेमके कळते. म्हणून शेती, पाणी आणि बाजार यांवरील इंग्रजी उतारे शिकवताना पाणलोट, पाझर तलाव, पुनर्भरण, साठेबाजी, हितसंबंध हे मराठी शब्द फळ्यावर आधी लिहिले पाहिजेत, आणि इंग्रजी शब्द त्यांच्याशी जोडले पाहिजेत, शेड, टाकी आणि टेबल यांच्याशी नव्हे.